गणपतीचं पान सापडत नाही आणि तिकिटांचे फोन थांबत नाहीत

प्रश्न: "मी मूळची नाशिकरोडची, आता बर्मिंगहॅमला. आमच्या छोट्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचं पान केलंय, पोस्टर सुंदर झालंय, पण गुगलवर शोधलं तर सापडत नाही. आणि तिकिटांबद्दल रोज तेच तेच फोन. पानावर नेमकं लिहायचं तरी काय?"

ताई, तुम्हाला या दोन तक्रारी वेगवेगळ्या वाटत असतील, पण मला त्यांचं कारण एकच दिसतंय. तुमच्या पानावर मजकूरच नाही, पोस्टर आहे. बाप्पाचा फोटो, तारीख, हॉल, तिकिटाचे दर, तीन फोन नंबर असं सगळं त्या एका चित्रात बसवलेलं. चित्रातली अक्षरं माणूस वाचतो, पण शोधयंत्राने ती वाचावीत यावर भरवसा ठेवता येत नाही. फोनवर ते पोस्टर बघणाऱ्याला दोन बोटांनी मोठं करावं लागतं. एवढे कष्ट कोण घेतो? तो सरळ खालच्या पहिल्या नंबरला फोन लावतो. तो नंबर बहुतेक तुमचाच असणार.

मी इथे नाशिकला बसून परदेशातल्या मंडळांची ही कामं बरीच वर्षं करतोय. (ऑफिस कॅनडा कॉर्नरला. टोरांटोच्या एका गृहस्थांना हा पत्ता सांगितला तर त्यांना थट्टा वाटली.) नवं काम आलं की मी डिझाइन नंतर बघतो. आधी मागच्या वर्षी पोस्टरवर ज्यांचे नंबर होते त्यांच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले प्रश्न मागवतो. तुम्हीही तेच करा. ते प्रश्न म्हणजेच तुमच्या पानाचा कच्चा खर्डा. "आईबाबा आलेत, त्यांचं वेगळं तिकीट काढायचं का?" "मुलगी साडेचार वर्षांची आहे, तिचं काय?" "जेवण तिकिटात आहे ना?" "आम्ही सभासद नाही, चालेल का?" जवळपास प्रत्येक मंडळात हेच चार प्रश्न पुढे असतात. पाचवा पार्किंगचा.

आधी सापडण्याचं बघू. तुमच्या कार्यक्रमाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण समितीने बहुधा 'मोरया', 'नादब्रह्म' असं काहीतरी ठेवलं असेल. नाव चांगलं असतं, फक्त समितीबाहेर ते कोणाला ठाऊक नसतं आणि ठाऊक नसलेलं नाव कोणी शोधत नाही. लोक टाइप करतात `ganesh chaturthi birmingham`, `ganpati celebration near me`, `marathi mandal birmingham`. तिकडे राहणारी मराठी माणसंही शोधताना बहुतेक रोमन लिपीच वापरतात, कारण फोनचा कीबोर्ड तसाच असतो. म्हणून पानाच्या मथळ्यात सण, वर्ष, गाव आणि मंडळ या चार गोष्टी हव्यात, आणि रोमनमध्ये हव्यात: `Ganeshotsav 2026 Birmingham – Marathi Ganpati Utsav`, पुढे मंडळाचं नाव. त्याच्याखाली देवनागरीत 'गणेशोत्सव 2026, बर्मिंगहॅम'. समितीचं आवडतं नाव तिसऱ्या ओळीत राहू दे, कोणी रुसायला नको.

गावाचं नाव मथळ्यात का, तर 'महाराष्ट्र मंडळ' आणि 'मराठी मंडळ' ही नावं जगभर आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, तेव्हापासून किती शहरांत किती मंडळं निघाली असतील. त्यात तुमच्या गावाच्या नावाचं दुसरं बर्मिंगहॅम अमेरिकेत अलाबामात आहे. म्हणून पत्त्यात हॉलचं नाव, रस्ता, पोस्टकोड आणि देश हे सगळं अक्षरांत लिहा. 'नेहमीचाच हॉल' ही ओळ मी खरोखर छापलेली पाहिली आहे.

`Ganeshotsav`, `Ganesh Utsav`, `Ganpati`, `Ganapati`, `Ganesh Chaturthi` ही सगळी रूपं पानाच्या तळाशी ढिगाने रचून ठेवू नका. कुणीतरी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात लपवायचा सल्लाही देईल, तो तर मुळीच घेऊ नका. अशी लपवाछपवी गुगलच्या नियमांत बसत नाही आणि लक्षात आली तर पान आणखी मागे ढकललं जातं. एक रूप मथळ्यात घ्या, दुसरं पहिल्या परिच्छेदात, तिसरं कार्यक्रमपत्रिकेत. बोलतानाही आपण हे शब्द असेच आलटूनपालटून वापरतो.

तारखेतही एक मेख आहे. २०२६ची गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला. तुमचा उत्सव शनिवारी असणार, समजा १९ सप्टेंबरला. पानावर नुसतं '१९ सप्टेंबर' असेल तर चतुर्थी शोधत आलेल्याला वाटतं हे काही वेगळंच आहे, किंवा तारीख चुकली आहे. दोन्ही तारखा एकाच वाक्यात लिहिल्या की हा घोळ राहत नाही. मी असा परिच्छेद लिहीन:

> "यंदा गणेश चतुर्थी सोमवारी, 14 सप्टेंबरला आहे. बर्मिंगहॅममधला आपला गणपती उत्सव त्याच आठवड्यात शनिवारी, 19 सप्टेंबर 2026 रोजी सकाळी 11 ते संध्याकाळी 6 या वेळेत होईल. स्थापना, आरती, दुपारचं मराठी जेवण, मुलांचे कार्यक्रम आणि ढोल-ताशाच्या गजरात विसर्जन मिरवणूक असा दिवस आहे. सभासद नसलेल्यांचं आणि मराठी नसलेल्या मित्रमंडळींचंही स्वागत आहे."

हाच मजकूर त्याच्याखाली इंग्रजीत द्या. शब्दाला शब्द लावू नका, तीच माहिती त्या भाषेत सरळ सांगा. इंग्रजी मजकूर ब्रिटिश जावई वाचणार आहे, आणि तुमची मुलंही तोच वाचणार आहेत.

वरच्या नमुन्यात आकडे इंग्रजी ठेवलेत, ते मुद्दाम. देवनागरी '१' तिकडे वाढलेल्या पोराला 9 वाटतो आणि '४' वाटतो 8. एका मंडळाच्या पानावर मी हौसेने '१४ पौंड' असं देवनागरीत छापलं होतं. एका मुलाने आईला विचारलं, आरतीला ९८ पौंड कशाला? तेव्हापासून तारीख, वेळ आणि पैसे मी इंग्रजी आकड्यांतच लिहितो.

कार्यक्रमपत्रिकेतले शब्द नेमके ठेवा. 'भरगच्च सांस्कृतिक कार्यक्रम' या शब्दांवर कोणी शोधत येत नाही. 'लेझीम', 'अथर्वशीर्ष', 'उकडीचे मोदक' यांवर येतात. आणि एक आपल्या गावचा फायदा सांगतो. ढोल-ताशा असेल आणि पथक खरोखर नाशिक ढोल वाजवणारं असेल, तर `Nashik dhol` हे शब्द पानावर असूच द्या. हा शब्द मराठी माणसांच्या पलीकडेही पोचलाय, पंजाबी लग्नांत आणि केरळच्या उत्सवांतही आपला ढोल लोकांना माहीत आहे. पण एखादी ढोलकी आणि ब्लूटूथचा स्पीकर एवढंच असेल, तर लिहू नका. वेळही लिहा: 'ढोल दुपारी 4:15 ते 4:45, हॉलच्या कार पार्कमध्ये'. हॉलवाल्यांनी आवाजाची वेळ ठरवून दिलेली असेल तर ती पाळावी लागते, आणि ढोलासाठी येणाऱ्यालाही कधी यायचं ते कळतं.

मजकूर कुठून आणणार, हेही विचारतो. पोस्टर इकडे नाशिकला करून घेतलं असेल तर सांभाळा. आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांकडे अजून पुष्कळ काम श्रीलिपीत, म्हणजे जुन्या फॉन्टात चालतं. त्या फाइलमधून उचललेला मजकूर पानावर चिकटवला की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. पारख सोपी आहे: दोन ओळी कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्वतःला पाठवा. मराठी दिसलं तर तो युनिकोड आहे. कचरा दिसला तर डीटीपीवाल्याकडून युनिकोड करून घ्या आणि मग रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, तिथे रूपांतर हमखास घसरतं. छोटा मजकूर असेल तर सरळ नव्याने टाइप करा, वेळ वाचतो.

पानाचा पत्ता मात्र रोमनमध्येच ठेवा, `/ganeshotsav/` इतका साधा. देवनागरीतला पत्ता ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण कॉपी करून पाठवला की बऱ्याचदा त्याचं `%E0%A4%97` असं रूप होतं. हा फक्त 'ग' झाला. 'गणेशोत्सव' एवढ्या एका शब्दाची अशी ८१ अक्षरं होतात. असला दुवा आला की लोक तो फसवणुकीचा समजून दाबत नाहीत.

आता तिकिटं. फोन येतात ते खरे इथूनच.

एक हिशोब सांगतो, मंडळाचं नाव सांगत नाही. त्यांनी 'फॅमिली तिकीट' विकलं, पानावर दुसरा शब्दही नाही. ४६ फॅमिली तिकिटं गेली आणि ३८ एकेरी. समितीने फॅमिली म्हणजे चौघे धरले: ४६ गुणिले ४ म्हणजे १८४, अधिक ३८, एकूण २२२ ताटं सांगितली. दारात मोजली तर माणसं २५९. जास्तीच्या ३७ जणांत २९ जण भारतातून आलेले आईबाबा आणि सासूसासरे, उरलेली आठ तिसरी मुलं आणि भाचरं. कोणीही लबाडी केली नव्हती. आपल्याकडे कुटुंब म्हटल्यावर आजीआजोबा त्यात येतातच, ते लिहिलं नव्हतं म्हणून लोकांनी आपापल्या घरचा अर्थ लावला. मसालेभात संपला. शेवटच्या तीस-चाळीस लोकांनी पुरी आणि जिलेबीवर भागवलं. पुढचे दोन महिने मंडळाच्या ग्रुपवर गणपतीचं नाव नव्हतं, नुसता मसालेभात.

यावर माझं मत कडक आहे. फॅमिली तिकीट बंद करा आणि ताटं मोजा, म्हणजे दर माणशी तिकीट ठेवा. अर्थात हे तुमच्या मंडळावर अवलंबून आहे. वार्षिक सभासदत्वच कुटुंबाचं असेल आणि लोकांना त्याची सवय असेल तर ते मोडणं अवघड. मग निदान ते कोणाचं ते लिहा: '2 प्रौढ आणि 12 वर्षांखालील 2 मुलं. यापुढच्या प्रत्येकाचं वेगळं तिकीट.' दर माणशी ठेवणार असाल तर मी असं मांडीन (आकडे तुमचे घाला):

> "सभासद, वय 12 पूर्ण आणि पुढे: £15
> बिगर-सभासद, वय 12 पूर्ण आणि पुढे: £18
> भारतातून भेटीला आलेले आईवडील, सासूसासरे: प्रत्येकी £12
> मुलं, वय 5 पूर्ण, 12 अपूर्ण: £8
> 5 वर्षं पूर्ण न झालेली मुलं: £0, पण नोंदणी हवी. वेगळं ताट नाही.
> वय 19 सप्टेंबर 2026 रोजीचं धरलं जाईल. दुपारचं शाकाहारी जेवण आणि बुकिंगचं शुल्क किमतीत धरलं आहे."

यातली प्रत्येक ओळ कोणाच्या ना कोणाच्या फोनचं उत्तर आहे. '5 वर्षांपर्यंत मोफत' असं लिहिलं की पाच पूर्ण झालेल्याचं काय, हा वाद दारात होतो. 'पूर्ण' हा शब्द आणि कोणत्या दिवशीचं वय ते आलं की वाद मिटतो. शून्य पौंडाचं तिकीट लोकांना विचित्र वाटतं, पण हॉलची माणसांची मर्यादा मोजताना कडेवरचं मूलही मोजलं जातं. मोफतवाल्यांची नोंद नसेल तर तुम्ही २५० च्या हॉलला २५० तिकिटं विकून वर चाळीस बाळं आत घेता.

बुकिंगचं शुल्क किमतीत धरायचं कारण नुसती सोय नाही. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२५ पासून ग्राहक कायद्यात हे स्पष्ट झालंय की टाळता न येणारी शुल्कं पहिल्या दाखवलेल्या किमतीतच हवीत. अमेरिकेतही मे २०२५ पासून कार्यक्रमांच्या तिकिटांना तसाच नियम लागला. 'तिकीट १४' म्हणून शेवटच्या पायरीला '१५.१०' दाखवणं आता नुसतं खटकणारं राहिलेलं नाही. तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळाची सेटिंग बघा, शुल्क आत धरायचं की वर लावायचं हा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो.

परताव्याची ओळ मंडळं लाजून लिहीत नाहीत आणि मग ओळखीपाळखीवर निर्णय होतात. ब्रिटनमध्ये ऑनलाइन खरेदीला चौदा दिवसांत रद्द करायचा जो हक्क असतो तो ठरलेल्या तारखेच्या करमणुकीच्या कार्यक्रमाला लागू नाही. म्हणजे नियम मंडळाने ठरवायचा, पण आधी सांगायचा. तारीख कशी ठरवायची? केटररला ताटांचा शेवटचा आकडा ज्या दिवशी द्यायचा तो दिवस धरा. तो ९ सप्टेंबर असेल तर लिहा: '8 सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा. त्यानंतर परतावा नाही, पण तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येईल.' कारण कळलं की लोक भांडत नाहीत. तिकीटविक्रीही त्याच दिवशी बंद करा, दारात तिकीट मिळणार नसेल तर तेही लिहा. जेवणाच्या ओळीला शेंगदाणा आणि काजू आहेत की नाहीत ते जोडा. हॉल शाळेचा असेल तर शाळेला आधी विचारा, पुष्कळ शाळांत सुक्यामेव्याला आणि शेंगदाण्याला बंदी असते, आणि आपली कोशिंबीर दाण्याच्या कुटाशिवाय होत नाही.

आता पानाच्या पोटातली एक गोष्ट. तुमच्या संकेतस्थळाचं काम करणाऱ्या मुलाला हे द्या, त्याला समजेल. ही माहिती शोधयंत्रासाठी असते, पानावर दिसत नाही:

```json
{
  "@context": "https://schema.org",
  "@type": "Event",
  "name": "Ganeshotsav 2026 Birmingham",
  "startDate": "2026-09-19T11:00:00+01:00",
  "endDate": "2026-09-19T18:00:00+01:00",
  "eventStatus": "https://schema.org/EventScheduled",
  "location": {
    "@type": "Place",
    "name": "हॉलचं नाव",
    "address": "रस्ता, Birmingham, पोस्टकोड, GB"
  },
  "offers": {
    "@type": "Offer",
    "price": "18.00",
    "priceCurrency": "GBP",
    "availability": "https://schema.org/InStock"
  }
}
```

`name` मध्ये फक्त नाव. 'त्वरा करा', 'तिकिटं मर्यादित', किंमत यांतलं काही तिथे नको, गुगलला ते चालत नाही. आणि `+01:00` कडे नीट बघा. सप्टेंबरात ब्रिटनचं घड्याळ उन्हाळी वेळेवर असतं म्हणून एक तास पुढे. याच पानाची नक्कल करून नोव्हेंबरात दिवाळी टाकाल तेव्हा तिथे `+00:00` हवं.

हे मी ठासून सांगतो कारण ही चूक माझ्या हातून झाली आहे. पान नाशिकमध्ये बनवलं, संकेतस्थळाची वेळ भारताची होती, मी ११ भरलं आणि यंत्राने मागे `+05:30` लावलं. पानावर ११ दिसत होते, शोधात मात्र सकाळचे साडेसहा. एका काकूंनी अध्यक्षांना फोन करून विचारलं, काकड आरती ठेवलीय का?

हे सगळं करूनही गुगल तुमचा कार्यक्रम वेगळ्या चौकटीत दाखवेलच असं नाही. ते देशावर आणि त्यांच्या मर्जीवर असतं. मी फक्त त्यांची अडचण कमी करतो. कोड बरोबर आहे का ते `Rich Results Test` मध्ये पत्ता टाकून बघा, आणि पान त्यांच्या यादीत आलं का ते `Search Console` मध्ये कळतं. पान सणाच्या सहा ते आठ आठवडे आधी लावा. हॉल ठरला आणि कलाकार ठरायचे असले तरी लावा, कार्यक्रमपत्रिका नंतर भरता येते. चार दिवस आधी लावलेलं पान सापडेपर्यंत विसर्जन होऊन जातं.

लावण्याआधी एक चाचणी. समितीबाहेरच्या कोणाला, शक्यतो तिकडे नव्याने आलेल्या कोणाला, फोनवर पान उघडून द्या आणि विचारा: तुम्ही दोघं, साडेचार वर्षांची मुलगी आणि भेटीला आलेली आई, सभासद नाही, एकूण किती पैसे? वरच्या तक्त्यावर उत्तर १८ अधिक १८ अधिक १२, म्हणजे ४८ पौंड आणि एक शून्याचं तिकीट. अर्ध्या मिनिटात हे आलं नाही तर तक्ता बदला. मी हे घरी आमच्या आईला विचारतो. तिने मागे एकदा 'बिगर-सभासद म्हणजे पाहुणे का रे?' असं विचारलं होतं, तेव्हापासून आईवडिलांची ओळ मी वेगळी काढायला लागलो.

तिकिटं संपली तर पान काढू नका. वर 'तिकिटं संपली' लिहा आणि कोडात `InStock` चं `SoldOut` करायला सांगा. हॉल किंवा तारीख बदलली तर तेच पान दुरुस्त करा. नवं पान केलं की जुनं लोकांच्या फोनमध्ये फिरत राहतं आणि पाचदहा जण जुन्या हॉलवर उभे राहतात. उत्सव झाल्यावरही `/ganeshotsav/` तसंच ठेवा. मजकूर `/ganeshotsav-2026/` वर हलवा, चार फोटो टाका, आणि मूळ पत्त्यावर पुढच्या वर्षीची चतुर्थी कधी आहे एवढी एक ओळ लिहून ठेवा.